किती नंबर आधी निरोप द्यायचा? दवाखान्याबाहेर थांबूनही नंबर कसा राखता येतो

चोपडा, शहादा किंवा पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावातला एखादा चांगला चालणारा दवाखाना घ्या. सकाळी आठला कंपाउंडर शटर वर करतो तेव्हा पायरीवर दहा-बारा माणसं आधीच बसलेली असतात. साडेनऊपर्यंत नंबर चाळिशीच्या घरात जातो आणि डॉक्टर दहाला खुर्चीत बसतात. ज्याचा नंबर 31 आहे तो साधारण साडेबाराला आत जाणार हे कंपाउंडरला अंदाजाने ठाऊक असतं, पण पेशंटला कोणी सांगत नाही. म्हणून तो तीन तास बाकावर बसून राहतो आणि सोबत घरातलं एक माणूसही बसतं. अधूनमधून कोणीतरी दारापाशी येऊन विचारतं, "भाऊ, मना नंबर कव्हय ई?" कंपाउंडर मान वर न करता म्हणतो, "बसा, येईल."

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की पत्र्याच्या शेडखाली तापाचं पोर मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याच वेळी गावात कामं पडलेली असतात. बियाण्याचं दुकान, बँक, बाजार समिती, नाहीतर नुसती नातेवाइकांच्या घरची पंख्याखालची ओसरी. नंबर जवळ आला की फोनवर कळवायचं आणि तोवर माणसाला मोकळं सोडायचं, ही कल्पना कोणालाही सुचेल. त्यासाठी ॲप विकणारेही भरपूर आहेत.

पण ही सोय बसते की बिघडते, हे ॲपवर ठरत नाही. ते एका आकड्यावर ठरतं: निरोप किती नंबर आधी द्यायचा. हा आकडा चुकला की पहिल्याच आठवड्यात दोन-चार जणांचे नंबर हुकतात, भांडणं होतात, आणि पुढच्या सोमवारी सगळे पुन्हा बाकावर बसतात. म्हणून तो आकडा कसा काढायचा, हे आधी नीट बघू.

सरासरी इथे फसवते

समजा डॉक्टर एका पेशंटला सरासरी पाच मिनिटं देतात. बाजार समितीत थांबलेल्या माणसाला दवाखान्यात पोहोचायला वीस मिनिटं लागतात. वीस भागिले पाच म्हणजे चार, तेव्हा चार नंबर आधी फोन केला की झालं, असं वाटतं. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच करतात.

आता बघा काय होतं. पाच मिनिटं ही सरासरी आहे, म्हणजे साधारण निम्म्या वेळा ते चार जण वीस मिनिटांच्या आतच उरकतात. त्यांतले दोघे नुसते रक्ताचे रिपोर्ट दाखवायला आलेले असले आणि एक जण हजरच नसला, तर चारही नंबर आठ मिनिटांत संपतात. आपला माणूस अजून फाट्यावर रिक्षा शोधत असतो. थोडक्यात, सरासरीवर बेतलेला निरोप जवळपास निम्म्या लोकांना उशिरा पोहोचवतो. मागे पडणाऱ्या रांगेचा त्रास थोडाच असतो, फार तर माणूस जरा जास्त बसतो. खरा घात करते ती अचानक पुढे पळणारी रांग. म्हणून हिशेब सरासरी दिवसाचा करून चालत नाही, तो भरभर चाललेल्या दिवसाचा करावा लागतो.

हा हिशेब करायला एक वही आणि भिंतीवरचं घड्याळ पुरतं. तीन दिवस कंपाउंडरने प्रत्येक नंबरासमोर तो आत गेल्याची वेळ लिहायची. नंबर गैरहजर असेल तर हाक मारली ती वेळ लिहायची, रकाना रिकामा सोडायचा नाही. तीन दिवसांत एक दिवस आठवडी बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी गर्दीही वेगळी असते आणि डॉक्टरांचा हातही भरभर चालतो.

मग त्या वेळा उलट बाजूने वाचायच्या. समजा आपण आठ नंबर आधी निरोप द्यायचं ठरवतो आहोत. अशा वहीतलं एक नमुन्याचं पान असं असेल. नंबर 11 आत गेला 11:02 ला आणि नंबर 19 गेला 11:40 ला, म्हणजे आठ नंबरांना 38 मिनिटं लागली. नंबर 20 गेला 11:46 ला आणि नंबर 28 गेला 12:10 ला, म्हणजे फक्त 24 मिनिटं, कारण मधे तीन रिपोर्टवाले होते आणि एक जण आलाच नव्हता. नंबर 31 गेला 12:27 ला आणि 39 गेला थेट 1:24 ला, म्हणजे 57 मिनिटं, कारण कोयत्याने हात कापलेला एक जण मधेच आला आणि डॉक्टर टाके घालायला गेले. डॉक्टर तेच, दिवस तोच, तरी आठ नंबरांना कधी 24 मिनिटं लागली तर कधी 57.

आता प्रत्येक नंबरासाठी हा फरक काढायचा आणि त्यांतले सगळ्यांत छोटे दोन-तीन आकडे बघायचे. ते 20 मिनिटांच्या वर असतील, तर वीस मिनिटांवर असलेल्या माणसाला आठ नंबर आधी निरोप दिला तर तो चुकणार नाही. 20 च्या खाली येत असतील तर नऊ नंबर धरून पुन्हा बघायचं. संगणक असेल तर एक्सेलमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. A रकान्यात नंबर, B रकान्यात चोवीस तासांच्या घड्याळाने वेळ, म्हणजे दुपारच्या 1:24 ला 13:24, आणि नंबर 1 दुसऱ्या ओळीत असेल, तर नंबर 9 दहाव्या ओळीत येतो. मग C10 मध्ये पहिलं सूत्र टाकून शेवटच्या नंबरापर्यंत खाली ओढायचं, आणि दुसरं सूत्र बाजूच्या कुठल्याही रिकाम्या घरात टाकायचं:

```
=B10-B2
=SMALL(C10:C45,3)
```

दुसरं सूत्र तिसरा सर्वांत छोटा फरक दाखवतं. 44 नंबरांच्या दिवसासाठी ओळ 45 पर्यंत जाते. नंबर कमी-जास्त असतील तशी ती बदलायची. उत्तर वेळेच्या रूपात येत नसेल तर त्या घराचं फॉरमॅट तास-मिनिटांचं करायचं. तिन्ही दिवसांसाठी वेगवेगळं पान घ्यायचं, नाहीतर काल दुपारी आणि आज सकाळी यांची वजाबाकी होऊन भलतेच आकडे दिसतात.

सगळ्यांत छोटा आकडा न घेता तिसरा का घ्यायचा? एखाद्या दिवशी एकाच घरचे चार जण चार नंबर घेऊन एकदम आत जातात आणि सात मिनिटांत बाहेर येतात. अशा एका प्रसंगासाठी रोज सगळ्यांना अर्धा तास आधी बोलावण्यात अर्थ नाही. त्या दिवशी ज्याचा नंबर हुकेल त्याच्यासाठी वेगळा नियम लागतो. तो पुढे येतो.

जवळचे, लांबचे आणि एसटीवाले

एकच आकडा सगळ्यांना लावू नये. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्याला दहा मिनिटं पुरतात. अडावद किंवा लासूरला घरी परत गेलेल्याला दुचाकीवर बसून, चपला काढून, दवाखान्यात टेकेपर्यंत पाऊण तास लागतो. म्हणून नंबर लावतानाच एक प्रश्न विचारायचा: "थांबणार कुठे?" उत्तराप्रमाणे नंबरापुढे वहीत ज, म किंवा ल असं एक अक्षर लिहायचं. जवळ, मध्यम, लांब.

पाच मिनिटांची सरासरी आणि नेहमीसारखा चढउतार धरला तर हे आकडे साधारण 5, 8 आणि 14 असे बसतात. यात एक गंमत आहे. मध्यम अंतरासाठी सरासरीने 4 नंबर पुरले असते, तिथे आपण 8 धरले, म्हणजे दुप्पट. लांबच्यासाठी सरासरीने 9 पुरले असते, तिथे 14 धरले, म्हणजे जेमतेम दीडपट. असं का? चार माणसांत दोघे रिपोर्टवाले निघाले की सगळा हिशेब कोलमडतो. चौदा माणसांत मात्र भरभर जाणारेही असतात आणि रेंगाळणारेही, ते एकमेकांना सांभाळून घेतात. जितकी माणसं जास्त, तितका एकूण वेळ त्या प्रमाणात कमी डगमगतो. म्हणून लांबच्या माणसाला निरोप देणं वाटतं तितकं धोक्याचं नाही. खरी चूक होते ती जवळच्यांच्या बाबतीत, "दोन नंबर राहिले, या" असं सांगण्यात.

एसटीने येणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. गावाला गाडी तासाला एक असेल, तर "आता निघा" हा निरोप त्याच्या काय कामाचा? त्याने गावातच थांबावं हे बरं. त्याला सकाळीच मोघम सांगून टाकायचं, की बाराच्या आत नंबर येणार नाही, तोवर बाजार करून घ्या, आणि मग त्याला मध्यममध्ये धरायचं.

आणि घड्याळाची वेळ देऊ नये. "तुमचा नंबर 12:40 ला" असं लिहून दिलं की ती वेळ लोकांच्या डोक्यात पक्की बसते. साडेबाराला नंबर गेला तर दवाखान्याची चूक, सव्वाला आला तरी दवाखान्याचीच चूक. "आत 26 सुरू आहे, तुमचा 34" यात वचन काही नाही, पण ज्याला रांगेचा अनुभव आहे तो बरोबर अंदाज बांधतो.

बाकावर कोण उरतं

डॉक्टरांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: "सगळे बाहेर गेले आणि मी मोकळा बसलो तर?" रास्त प्रश्न आहे. हिशेब करून बघा. आठ नंबर आधी निरोप गेला, तर माणसाचा नंबर यायला सरासरी 40 मिनिटं आहेत. वीस मिनिटं येण्यात गेली, उरलेली वीस मिनिटं तो बाकावर बसणार. पाच मिनिटांना एक या वेगाने वीस मिनिटांत चार पेशंट आत जातात. म्हणजे कुठल्याही क्षणी बाकावर साधारण चार पेशंट आणि त्यांच्यासोबतची चार माणसं असतात. आठ-दहा खुर्च्या पुरतात. आधी पन्नास माणसं दाटीने बसायची.

शिवाय डॉक्टर मोकळे बसण्याचा आणि एखाद्याचा नंबर हुकण्याचा संबंध नाही. नंबर 34 आला नाही पण 35 बाकावर आहे, तर 35 आत जातो आणि डॉक्टरांच्या लक्षातही येत नाही. डॉक्टर मोकळे तेव्हाच बसतात जेव्हा बाक पूर्ण रिकामा होतो. म्हणून कंपाउंडरने नंबरांवर कमी आणि बाकावर जास्त लक्ष ठेवायचं. बाकावर दोनच पेशंट उरले की हिशेबात बसो न बसो, पुढच्या तिघांना लगेच फोन. चारपेक्षा फार जास्त साठले, किंवा टाके घालायला डॉक्टर उठले, की निरोप तात्पुरते बंद.

सकाळची सुरुवात वेगळी. पहिल्या आठ जणांना बाहेर सोडूच नये. आधी निरोप द्यायला त्यांच्या पुढे आठ नंबर नसतातच. आणि घड्याळात दहा वाजले म्हणून निरोप सुरू करायचे नाहीत. डॉक्टर राउंडवरून यायला पावणेअकरा झाले, तर पाऊण तास उगाच माणसं जमतील. नंबर 1 दारातून आत गेला की तिथून मोजायला सुरुवात.

हुकलेल्या नंबराचा नियम

सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा कागद भिंतीवरचा असतो. कितीही जपून आकडा काढला तरी रोज दोन-तीन जण उशिरा येणारच. त्यांचं काय करायचं, हे आधी ठरलेलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं.

उशिरा आलेल्याला शेवटी पाठवलं तर शिक्षा फार मोठी होते. 34 चा 48 झाला की तो माणूस पुन्हा आयुष्यात दवाखाना सोडून जाणार नाही, आणि हे बघणारे बाकीचेही जाणार नाहीत. उलट, आला तसा लगेच आत सोडला तर बाकावर बसलेले चिडतात, आणि चार दिवसांत सगळ्यांना कळतं की उशिरा येण्यातच फायदा आहे. यातली चालणारी वाट अशी: उशिरा आलेल्याने दाराशी नोंद करायची, आणि त्यानंतर दोन पेशंट झाले की तो आत. शिक्षा दहा मिनिटांची. कोणी फार रागावत नाही, आणि मुद्दाम कोणी उशीरही करत नाही. उशिरा आलेले दोघे एकदम उगवले तर त्यांना एकामागे एक सोडायचं नाही, मधे दोन वेळेवर आलेले घालायचे.

रिपोर्ट दाखवणाऱ्यांचंही असंच. त्यांतले काही नंबर न लावता "फक्त दोनच मिनिटं" म्हणत दारात उभे असतात आणि दिवसाला डझनभर होतात. त्यांनी निरोपाचा हिशेब बिघडत नाही, कारण त्यांच्यामुळे रांग मागेच पडते. पण बाकावरचा माणूस ताटकळतो. दर पाच नंबरांनंतर एक रिपोर्टवाला, असं ठरवून टाकावं. एम.आर. मंडळींना सगळे नंबर झाल्यावर.

निरोप कशाने द्यायचा

रोज चाळीस-पन्नास पेशंट असतील तर सरळ फोन करा. खरंच दुसरं काही लागत नाही. एका फोनला वीस सेकंद धरले तर चाळीस फोनांना साधारण तेरा मिनिटं लागतात, न उचललेले पुन्हा लावले तरी दिवसभरात अर्धा तास. "आबा, दवाखान्यातून बोलतोय, निघा आता" हे वाक्य ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. पेशंटशी आधी बोलणं झालं असेल तर नुसता मिस्ड कॉलही पुरतो: दवाखान्याच्या नंबरावरून रिंग आली की निघायचं, आणि निघताना उलट एक मिस्ड कॉल द्यायचा. उलट रिंग आली की वहीत नंबराला गोल करायचा. हा गोल फार मोलाचा आहे, कारण पुढचे आठ नंबर मोजताना ज्यांच्याकडून काहीच उत्तर आलं नाही ते मोजायचे नाहीत. आठांतले तिघे येणारच नसतील, तर पुढे खरे पाचच उरलेले असतात.

पेशंट शंभराच्या वर गेले, किंवा दोन-तीन डॉक्टर एकत्र बसत असले, की फोन पुरत नाहीत आणि एसएमएसकडे वळावं लागतं. इथे एक अडचण बऱ्याच जणांना उशिरा कळते. संगणकातून आपोआप जाणारे एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते. संस्थेची नोंद, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, आणि संदेशाचा मजकूर, तिन्ही आधी मंजूर करून घ्यायचं. आकडे बदलतील त्या जागा मजकुरात खुणेने दाखवायच्या. नंतर "निघा" चं "लवकर निघा" केलं तर मजकूर जुळत नाही आणि संदेश वाटेतच अडवला जातो. संगणकावर सगळं ठीक दिसतं, पेशंटला मात्र काहीच येत नाही. साध्या सिमवरून रोज ढिगाने एकसारखे एसएमएस पाठवणं हा त्यावरचा उपाय नाही. तक्रार गेली तर तो नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर फलकावर छापलेला असतो.

मराठी एसएमएसची दुसरी मर्यादा लांबीची. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात 160 खुणा मावतात, देवनागरीत 70. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "डॉक्टर" हा शब्द कागदावर तीन अक्षरांचा दिसतो, पण ड, ॉ, क, ्, ट, र अशा सहा खुणा खातो. सत्तरच्या पुढे गेला की संदेशाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात 67 च मावतात आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. म्हणून "आदरणीय रुग्ण महोदय, आपणांस कळविण्यात येते की" ही सुरुवात विसरायची. हा मजकूर पुरेसा आहे:

```
तुमचा नंबर 34. आत 26 सुरू. आता निघा.
```

यात 36 खुणा आहेत. दवाखान्याचं छोटं नाव जोडलं तरी एकात बसतो.

एसएमएस देणाऱ्या कंपनीला आणखी एक गोष्ट सांगून ठेवायची: संदेशाची मुदत अर्ध्या तासाची ठेवा. माणूस रेंजबाहेर असेल, धडगाव-अक्कलकुवा बाजूला तर हे नेहमीचंच, तर मुदत न लावलेला संदेश कंपनीकडे पडून राहतो आणि फोन रेंजमध्ये आला की तासाभराने उगवतो. तोवर नंबर गेलेला असतो, आणि "आता निघा" वाचून माणूस नव्याने धावत येतो. मुदत संपलेला संदेश मेलेलाच बरा. अर्ध्या तासात पोहोचला नाही अशा नंबरांची यादी कंपाउंडरला दिसली पाहिजे, म्हणजे त्यांना तो फोन करील.

व्हॉट्सॲपवर दवाखान्याचा ग्रुप काढणं सगळ्यांत सोपं वाटतं, आणि तेच करू नये. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. त्वचारोगाच्या, स्त्रीरोगाच्या किंवा क्षयाच्या दवाखान्यात कोण कोण येतं हे गावभर करायचं कारण नाही. त्यापेक्षा बिझनेस खात्यावरून एकेकाला निरोप द्यावा. पेशंटने सकाळी स्वतः "नंबर" असा एक शब्द पाठवला असेल तर मोठ्या यंत्रणेतही पुढचे 24 तास त्याला हव्या त्या मजकुराचं उत्तर देता येतं. त्यानंतर मात्र आधी मंजूर झालेला साचाच वापरावा लागतो. निरोप कशानेही जावो, त्यात आजार, तपासणी किंवा डॉक्टर कशाचे आहेत हे येऊ देऊ नये. खेड्यात एक फोन घरातले सगळे वापरतात; सुनेच्या नंबराचा निरोप सासऱ्याच्या हातात पडतो. म्हणून नंबर लावताना हेही विचारायचं, की हा फोन आत्ता कोणाजवळ आहे. फोन घरी आणि पेशंट बाजारात, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

सेतू, तहसील, नोंदणी कार्यालय

सरकारी कार्यालयात हाच हिशेब चालतो, फरक दोन. एक म्हणजे खिडक्या जास्त असतात. एकाच कामाच्या तीन खिडक्या चालू असतील तर रांग तिप्पट वेगाने सरकते, म्हणून आठाच्या जागी वीस-बावीस नंबर आधी निरोप द्यावा लागतो. आणि जेवायला दोघे उठले की तोच आकडा फार मोठा ठरतो. तेव्हा खिडकी बंद करताना कर्मचाऱ्याने यंत्रात तशी नोंद केलीच पाहिजे. दुसरं म्हणजे सर्व्हर. दाखल्याची वेबसाइट अडली की रांगेचा वेग शून्यावर येतो, आणि निरोप आपोआप जाणारे असतील तर ते नंबरावर चालत असल्याने तेही थांबतात, हे बरंच आहे. पण आधीच निघालेल्यांना "सर्व्हर बंद, थांबा" असा एक संदेश जायला हवा, आणि तोही आधी मंजूर करून ठेवलेला लागतो. ऐन वेळी नवा मजकूर मंजूर होत नाही. दाखला, उतारा आणि दस्त नोंदणी यांचे नंबर एकाच ओळीत लावू नयेत. दहा मिनिटांचं काम आणि पाऊण तासाचं काम एका माळेत ओवलं की कुठलाच आकडा बरोबर निघत नाही.

बिघडलं हे कशावरून ओळखायचं

सगळ्यांत नेहमीचा बिघाड साधा असतो: पुढचा नंबर दाबायचं राहून जातं. पडद्यावर 22 आणि आत 27. डॉक्टरांनी बटण दाबायचं असं ठरवलं तर हे हमखास होतं, कारण त्यांचं लक्ष पेशंटकडे असतं आणि असावंच. दाराशी उभा असलेला माणूस पेशंट आत सोडतो, बटण त्याच्याच हातात हवं. दर तासाला डॉक्टरांच्या टेबलावरच्या शेवटच्या केसपेपरचा नंबर पडद्याशी ताडून बघायचा. दोनपेक्षा जास्त फरक दिसला की तिथल्या तिथे दुरुस्त करून, मधल्या ज्यांना निरोप गेला नाही त्यांना हाताने फोन लावायचे.

आकडा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढावा. पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले की डॉक्टर तीन मिनिटांवर येतात, आणि उन्हाळ्यात काढलेले आठ नंबर कमी पडायला लागतात. हुकलेल्या नंबरांची रोजची संख्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेलात तर हे आपोआप दिसतं. दिवसाला दोन-तीन ठीक. सलग चार दिवस सहा-सात झाले की आठाचे दहा करायचे.

आणि दुपारी बाराला एकदा बाकावरचे पेशंट मोजायचे. चार-पाच असतील तर व्यवस्था चालू आहे. पंधरा असतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे नंबर चाळिशीतले असतील, तर त्यांना बाहेर जायला सांगितलं होतं तरी ते गेलेले नाहीत. त्यांना विचारलं तर कोणी फोनची तक्रार करत नाही. "मागच्या खेपेला फोन आला, तोवर नंबर निघून गेला होता," असं सांगतात. मग ॲप बदलायच्या आधी वहीतलं त्या दिवसाचं पान काढून बघायचं, की निरोप गेला तेव्हा पुढे खरे किती जण होते.